पेरोल कोणाचा? थर्ड पार्टीवर घेणाऱ्या रिक्रूटरला खरी कंपनी कशी विचारायची

"मॅडम, एमएनसी आहे, हिंजवडी फेज थ्री. फक्त पेरोल थर्ड पार्टी असेल, बाकी सगळं सेम."

पुण्यात आयटीत तीन-चार वर्षं काढलेल्या बहुतेकांना हा फोन कधी ना कधी आलेला असतो. मला तो 2019 मध्ये आला, तेव्हा मी त्यातलं "बाकी सगळं सेम" एवढंच ऐकलं आणि हो म्हणून टाकलं. मी टेस्टर आहे. मुलाखत खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत झाली. ऑफर लेटर आलं ते दुसऱ्याच कंपनीचं. आठ महिन्यांनी सहज म्हणून पीएफचं पासबुक उघडलं, तर त्यात तिसऱ्याच कंपनीचं नाव! पगार वेळेवर येत होता, त्यामुळे मी दुर्लक्ष केलं. त्याची किंमत दोन वर्षांनी कळली. नव्या नोकरीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अनुभवपत्र एका नावाचं आणि पीएफ दुसऱ्या नावाचा निघाला. दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या आहेत असं पत्र जुन्या एचआरकडून मिळवण्यात माझे तीन आठवडे गेले, आणि तोवर रुजू होण्याची तारीख पुढे पुढे सरकत राहिली.

2023 मध्ये पुन्हा तसाच फोन आला. या वेळी मी विचारलं. पहिल्यांदा थर्ड पार्टी पेरोलवर जाणाऱ्यांनी काय विचारायचं, कधी विचारायचं आणि मिळालेलं उत्तर कसं तपासायचं, ते त्या दोन्ही अनुभवांतून लिहिते आहे. उदाहरणं पुण्यातल्या आयटीची आहेत, कारण मला तेवढंच माहीत आहे.

आधी साखळी समजून घ्या

काम ज्यांचं, ती क्लायंट कंपनी. तुम्ही बसणार त्यांच्या ऑफिसात, लॅपटॉप बहुधा त्यांचा, मॅनेजर त्यांचा. पण त्यांच्या लेखी तुम्ही कर्मचारी नसता, बाहेरून घेतलेली सेवा असता. मोठे क्लायंट कोणाकडूनही माणसं घेत नाहीत. त्यांच्या यादीवर ठरावीक वेंडर असतात आणि क्लायंटचं बिल फक्त त्या वेंडरच्या नावाने निघतं.

या यादीवरच्या वेंडरला माणूस मिळाला नाही की तो छोट्या कन्सल्टन्सीला सांगतो. छोटी कन्सल्टन्सी माणूस शोधते आणि पुष्कळदा स्वतःच्याच पेरोलवर ठेवते. क्लायंट वेंडरला पैसे देतो, वेंडर आपला वाटा ठेवून कन्सल्टन्सीला देतो, कन्सल्टन्सी आपला वाटा ठेवून तुम्हाला पगार देते. तुम्हाला फोन करणारा रिक्रूटर या तिघांपैकी कोणाचाही असू शकतो, किंवा कोणाचाच नसतो. घरून कमिशनवर काम करणारा फ्रीलान्सर असतो.

म्हणूनच "कंपनी कोणती?" हा प्रश्न कुचकामी आहे. तो विचारला की रिक्रूटर क्लायंटचं वजनदार नाव सांगतो किंवा "कॉन्फिडेन्शियल" म्हणतो. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुमचा पगार कोण देणार हे कळत नाही. "कंपनी" हा शब्दच टाळा.

1. पहिल्याच फोनवर प्रश्नाचे तीन तुकडे करा

मी हल्ली असं विचारते:

"ऑफर लेटर कोणत्या नावाने येणार? पगार आणि पीएफ त्याच नावाने जमा होणार का?"

"काम कोणाकडे आहे? क्लायंट कोण?"

"क्लायंट आणि माझा पेरोल यांच्यामध्ये आणखी कोणी वेंडर आहे का?"

हाच क्रम ठेवा. पेरोलचा प्रश्न आधी विचारायचा, कारण त्याचं उत्तर लपवायला कोणाकडेही सबळ कारण नसतं. क्लायंटच्या नावापासून सुरुवात केली की रिक्रूटर सावध होतो आणि मग पुढचे दोन्ही प्रश्न "ते नंतर एचआर सांगेल" या खात्यात जातात.

मार्जिन किंवा बिल रेट मात्र विचारू नका. उत्तर मिळणार नाही आणि संभाषण उगाच ताठर होईल. मध्ये किती जण आहेत एवढं कळलं तरी पुरे. मध्ये एक वेंडर असणं नेहमीचंच आहे. दोन असतील तर माझे कान टवकारतात. पैसा तीन ठिकाणी थांबत येणार, आणि वरच्या कोणी बिल अडवलं की खालची छोटी कंपनी "क्लायंटकडून पेमेंट आलं नाही" म्हणत पगार लांबवणार. तेव्हा "क्लायंटचं पेमेंट उशिरा आलं तर पगार थांबतो का?" असं सरळ विचारावं. चांगल्या कंपनीचा रिक्रूटर लगेच म्हणतो, "नाही मॅडम, पगाराची तारीख ठरलेली आहे." ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो त्याच्याकडून हे लेखी घ्या.

2. "कॉन्फिडेन्शियल आहे" याचा अर्थ ओळखा

इथे नवखी माणसं दोन टोकांना जातात. काहींना नाव लपवलं म्हणजे फसवणूकच वाटते. काहींना "कॉन्फिडेन्शियल" म्हणजे सरकारी गुपित वाटतं आणि ते पुढे काही विचारतच नाहीत.

क्लायंटचं नाव पहिल्या फोनवर न सांगण्यामागे व्यवहार असतो. नाव कळलं की तुम्ही त्या कंपनीत थेट अर्ज कराल, किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीच्या मित्राला सांगाल आणि तो त्याच जागेवर स्वतःचा उमेदवार पाठवेल. रिक्रूटरचं कमिशन बुडेल. ही भीती खरी असते. त्यामुळे फोनवर फक्त "बँकिंग क्लायंट, हिंजवडी" एवढंच सांगितलं तर मी चालवून घेते.

पण त्याला सीमा आहे. तुमचा सीव्ही क्लायंटकडे पाठवण्याआधी नाव कळलंच पाहिजे. एकाच क्लायंटकडे तुमचा सीव्ही दोन वेंडरकडून गेला की दोघांत भांडण लागतं, आणि क्लायंट पुष्कळदा कटकट नको म्हणून तुम्हालाच बाद करतो. नाव माहीत नसेल तर सीव्ही आधीच कोणाकडून गेला आहे की नाही हे तुम्ही सांगणार कसं? रिक्रूटरला हेच कारण द्या. "नाव कळल्याशिवाय मी डुप्लिकेट नाही असं कसं कन्फर्म करू?" यात त्याचाही फायदा असल्यामुळे बहुतेक जण इथे नाव सांगतात.

पेरोल कंपनीचं नाव मात्र कोणत्याही टप्प्यावर कॉन्फिडेन्शियल नसतं. तिथे आडपडदा दिसला तर मी फोन ठेवते.

2023 च्या त्या फोनवर झालेलं बोलणं साधारण असं होतं:

"पेरोल कोणाचा असेल?"

"आमच्याच ग्रुपचा मॅडम."

"ग्रुपमधली कोणती कंपनी? पूर्ण नाव, प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी?"

"ते ऑफर स्टेजला कळेल ना. तुम्ही आधी डॉक्युमेंट्स पाठवा, प्रोफाइल होल्डवर जाईल."

"प्रोफाइल पाठवते, पण फक्त सीव्ही. नाव मेलवर आलं की बाकीचं."

ही "होल्डवर जाईल" धमकी सगळ्यांना मिळते. माझं प्रोफाइल होल्डवर गेलं नाही. क्लायंटला माणूस हवा असतो आणि रिक्रूटरला तो महिनाअखेरीआधी द्यायचा असतो.

सापळा: पहिल्या फोननंतर लगेच आधार, पॅन, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि बँक स्टेटमेंट मागणारे पुष्कळ असतात. काही क्लायंटच्या पोर्टलवर डुप्लिकेट ओळखण्यासाठी जन्मतारीख किंवा पॅनचे शेवटचे चार आकडे लागतात. क्लायंटचं नाव कळल्यावर तेवढं द्यायला हरकत नाही. पूर्ण कागदपत्रं लेखी ऑफरनंतरच. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिटच्या नावाने कोणी पैसे मागितले तर पुढची चौकशी करण्याच्याही भानगडीत पडू नका.

3. तेच प्रश्न मेलवर विचारा

फोनवरचं बोलणं हवेत जातं. रिक्रूटर नोकरी बदलतो, नंबर बंद होतो आणि नवा माणूस म्हणतो, "असं कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यामुळे फोन संपल्यावर त्याच दिवशी मेल करायचा. मी तो इंग्रजीत लिहिते, कारण तो पुढे एचआरकडे जातो. मराठीत त्याचा मजकूर असा होईल:

> आज फोनवर बोलल्याप्रमाणे टेस्टरच्या जागेसाठी मला रस आहे. प्रोफाइल पुढे पाठवण्याआधी कृपया खालील गोष्टी याच मेलवर कळवाव्यात.
> ऑफर लेटर देणाऱ्या कंपनीचं नोंदणीकृत पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन किंवा एलएलपी क्रमांक. पगार, पीएफ आणि फॉर्म 16 याच कंपनीच्या नावाने असतील का?
> क्लायंटचं नाव आणि कामाचं ठिकाण.
> कराराचा कालावधी. क्लायंटचं काम आधी संपलं तर माझ्या नोकरीचं काय होईल?
> माझी संमती मिळेपर्यंत माझा सीव्ही कोणत्याही क्लायंटकडे पाठवू नये.

भाषा अशीच साधी ठेवा. कायद्याचा धाक नको, तक्रारीचा सूरही नको. शेवटची ओळ विसरू नका. संमतीशिवाय सीव्ही पाठवणारे आहेत, आणि तुम्ही नंतर दुसऱ्या वेंडरकडून गेलात की त्याचा त्रास तुम्हालाच होतो.

उत्तर कंपनीच्या मेल आयडीवरून यायला हवं. फ्रीलान्स रिक्रूटर जीमेलवरून लिहितात आणि त्यात गैर काही नाही, पण मग पेरोल कंपनीच्या एचआरला मेलमध्ये घ्यायला सांगा. ती व्यक्ती कधीच मेलमध्ये येत नसेल, तर रिक्रूटरचा त्या कंपनीशी खरंच संबंध आहे का हीच शंका येते.

4. नाव मिळालं की दोन ठिकाणी पाहा

मला दोन दिवसांनी उत्तर आलं. रिक्रूटरच्या मेल आयडीवर ज्या नावाचं डोमेन होतं ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. पेरोलसाठी दिलेलं नाव होतं त्याच शब्दाने सुरू होणारं, पण एलएलपी. लोगो एक, पत्ता एक, वेबसाइट एक. घाईत वाचलं असतं तर फरक कळलाच नसता. 2019 मध्ये माझं नेमकं हेच झालं असणार.

पहिली जागा `mca.gov.in`. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या या साइटवर कंपनीची किंवा एलएलपीची मूळ माहिती पाहता येते: नोंदणी कधी झाली, पत्ता काय, संचालक किंवा भागीदार कोण आणि नोंदणी चालू आहे की बंद. सीआयएन 21 अक्षरांचा असतो आणि नुसत्या त्याच्यावरूनही बरंच कळतं. पहिलं अक्षर L असेल तर कंपनी शेअर बाजारात आहे, U असेल तर नाही. मधली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राची MH, आणि त्यांच्या लगेच पुढे चार आकडी नोंदणीचं वर्ष. "वीस वर्षांची कंपनी आहे मॅडम" म्हणणाऱ्याच्या सीआयएनमध्ये 2022 दिसलं की वेगळं काही विचारावं लागत नाही. एलएलपीच्या क्रमांकात वर्ष नसतं, ते साइटवर जाऊन पाहावं लागतं. माझ्या बाबतीत एलएलपी सात महिन्यांपूर्वीची निघाली.

नवी कंपनी म्हणजे वाईट कंपनी असं मी म्हणत नाही. पण एमसीएच्या नोंदीवरून ती कंपनी कागदावर आहे एवढंच कळतं. ती माणसांना पगार देते का, हे कळायला दुसरी जागा पाहावी लागते.

ती म्हणजे पीएफ. `epfindia.gov.in` वर आस्थापना शोधण्याची सोय आहे, स्क्रीनवर ती Establishment Search नावाने दिसते. लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव किंवा पीएफ कोड टाकला की यादी येते, आणि आपल्या कंपनीच्या तपशिलात तिने कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला, किती रक्कम आणि किती कर्मचाऱ्यांसाठी, हे दिसतं. पुणे कार्यालयातले कोड PUPUN ने सुरू होतात. थर्ड पार्टी पेरोलवर जाणाऱ्याला या पानाइतकं खरं उत्तर कोणताही रिक्रूटर देत नाही.

या पानावर मी दोन गोष्टी पाहते. एक, माणसांची संख्या. "आमचे पाचशे लोक क्लायंटकडे आहेत" असं सांगणाऱ्या कंपनीच्या गेल्या महिन्याच्या नोंदीत 14 कर्मचारी असतील, तर बाकीचे दुसऱ्या कोणाच्या तरी पेरोलवर आहेत किंवा पीएफशिवाय आहेत. दोन, तारखा. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. एखादा महिना मागेपुढे झाला तर समजू शकतं. पण मार्चचा जूनमध्ये, एप्रिलचा जुलैमध्ये असं सलग दिसलं तर त्या कंपनीचा खिसा रिकामा असतो, आणि पीएफनंतर पगाराची पाळी येते.

याला मर्यादाही आहेत. वीसपेक्षा कमी कर्मचारी असतील तर पीएफची नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे अगदी छोटी कंपनी इथे न सापडणं हा गुन्हा नाही. शोधताना नावातला एखादा शब्द मागेपुढे झाला तरी निकाल येत नाही. म्हणून नावाचा पहिला शब्दच टाकून पाहा, किंवा सरळ पीएफ कोड मागून घ्या.

माझ्या शोधात एलएलपीचं नाव कुठेच नव्हतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मात्र सापडली, 140 च्या आसपास कर्मचारी, आणि गेल्या वर्षभरातले भरणे दोन महिने सोडले तर वेळेत. मी रिक्रूटरला लिहिलं की एलएलपीचा पीएफ कोड कळवा, नाहीतर मला प्रायव्हेट लिमिटेडच्या पेरोलवर घ्या. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी त्यांच्या एचआरच्या बाईंचा फोन आला. नवी एलएलपी त्यांनी दुसऱ्या एका कामासाठी काढली होती आणि नवे लोक तिच्यात टाकत होते. कोड अजून मिळायचा होता. "तुमचं जुन्या कंपनीतच करते," त्या म्हणाल्या, आणि तसं सुधारित पत्र आलं. कोणी फसवत नव्हतं. विचारलं नसतं तर मात्र पीएफ न कापणाऱ्या सात महिन्यांच्या फर्ममध्ये मी नक्की गेले असते.

5. ऑफर लेटरमध्ये नाव आणि तीन कलमं

आधी नाव: लेटरहेडवरचं, सहीखालचं आणि मजकुरात "कंपनी" म्हणून ज्याची व्याख्या केली आहे ते, तिन्ही अक्षरशः एक हवीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं आहे, तेव्हा "आमच्याकडे फक्त मेलवर कन्फर्मेशन असतं" हे ऐकून घ्यायचं कारण नाही.

मग नोकरी क्लायंटच्या कामाला कशी बांधली आहे ते पाहा. "क्लायंटचा प्रोजेक्ट संपताच हा करार आपोआप संपेल" असं वाक्य असेल, तर तुम्हाला बेंच नाही, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंतचा पगार नाही. क्लायंटने शुक्रवारी रिलीज केलं की सोमवारी पगार बंद. काही कंपन्या महिनाभर बेंचवर पगार देतात; तसं असेल तर लेटरमध्ये लिहून मागा.

नोटीस पीरियड दोन्ही बाजूंनी पाहा. तुमच्याकडून 60 दिवस आणि कंपनीकडून 15 दिवस, अशी पत्रं मी स्वतः पाहिली आहेत. माझ्या पत्रात 60 आणि 30 होते. मी दोन्हीकडे 30 मागितले, त्यांनी दिले. बाजारात तेजी असेल तर मिळतं, मंदीत कदाचित मिळणार नाही. पण विचारल्याने ऑफर गेली असं मी तरी ऐकलेलं नाही.

तिसरं, क्लायंटच्या पेरोलवर जाण्याचं आश्वासन. "सहा महिन्यांनी कन्व्हर्जन पक्कं" हे रिक्रूटरचं आवडतं वाक्य. ते देणं त्याच्या हातात नसतंच, क्लायंटच्या हातात असतं. पत्रात त्याबद्दल चकार शब्द नसतो, उलट नोकरी सोडल्यावर वर्षभर क्लायंटकडे थेट रुजू होऊ नये असं कलम मात्र असतं. एकाच तोंडाने दोन गोष्टी कशा, हे विचारा. "क्लायंटने मागितल्यास कंपनी हरकत घेणार नाही" एवढं एक वाक्य घालून मिळालं तरी खूप झालं.

सापळा: ऑफरमध्ये "कन्सल्टंट" असा शब्द आणि "व्यावसायिक शुल्क" अशी रक्कम दिसली तर थांबा. त्याचा अर्थ तुम्ही कर्मचारी नाही. पीएफ नाही, रजा नाही, फॉर्म 16 नाही. टीडीएसही पगाराचा म्हणून कापला जाणार नाही. हातात येणारी रक्कम त्यामुळे मोठी दिसते. काहींना असा व्यवहार सोयीचा असतो, पण तो पगाराची नोकरी समजून पत्करू नका.

6. हातात काय असल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही

- पेरोल कंपनीच्या डोमेनवरून आलेलं, सही असलेलं ऑफर लेटर
- पगाराचा तपशील, ज्यात कंपनीचा पीएफचा वाटा वेगळा दाखवला आहे
- क्लायंटचं नाव आणि रुजू होण्याची तारीख, मेलवर का होईना
- क्लायंटकडून निवड झाल्याचा किंवा तुमच्यासाठी पर्चेस ऑर्डर निघाल्याचा निरोप, एचआरच्या मेलवर

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. पर्चेस ऑर्डर क्लायंट आणि वेंडर यांच्यात असते, ती तुम्हाला कोणी दाखवणार नाही. पण "ऑर्डर आली आहे का?" याला हो किंवा नाही असं लेखी उत्तर मिळू शकतं. ऑर्डर अडकली की रुजू होण्याची तारीख लांबते, तोवर तुमची जुनी नोकरी सुटलेली असते आणि पेरोल कंपनी म्हणते, "क्लायंट ऑनबोर्ड करेल तेव्हाच पगार सुरू." माझ्या एका मैत्रिणीचे असेच पाच आठवडे घरी बसून गेले.

7. रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात पासबुक उघडा

पहिला पगार ज्या खात्यातून आला त्याचं नाव बँकेच्या नोंदीत दिसतं. ते ऑफरमधल्या नावाशी जुळतं का पाहा. मग पुढच्या महिन्याच्या 20 तारखेच्या सुमारास पीएफचं पासबुक उघडा. तुमचा यूएएन जुनाच चालतो, पण त्याखाली नव्या कंपनीच्या नावाने नवा मेंबर आयडी दिसायला हवा आणि त्यात पहिल्या महिन्याची रक्कम हवी. फॉर्म 26एएसमध्ये टीडीएस भरणाऱ्याचं नाव दिसतं, ते मात्र तिमाहीचं विवरण भरल्यावर येतं, म्हणून तिथे थोडी वाट पाहावी लागते.

कुठेही वेगळं नाव दिसलं तर त्याच आठवड्यात एचआरला मेल करा. मी 2019 मध्ये केला नाही, तेव्हा ते दोन ओळींचं काम होतं. नाव वेगळंच राहणार असेल, तर दोन्ही कंपन्यांचा संबंध सांगणारं लेटरहेडवरचं पत्र नोकरीत असतानाच घेऊन ठेवा. सोडल्यावर ते मागायला गेलं की रांगेत तुमचा नंबर शेवटचा.

पीएफ पगारातून कापला पण भरला नाही, असं आढळलं तर आधी पेरोल कंपनीला लिहा आणि दाद लागली नाही तर `epfigms.gov.in` वर तक्रार करा. तिथे क्लायंटचं नावही नमूद करावं. कंत्राटदारामार्फत घेतलेल्या माणसांच्या पीएफची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे क्लायंटवरही असते, आणि मोठे क्लायंट अशा पत्राला घाबरतात. दुसऱ्या पायरीत मिळवलेलं क्लायंटचं नाव इथेही कामाला येतं.

राहिला सीव्ही. खराडीच्या त्या मोठ्या कंपनीत दोन वर्षं बसल्यावर तिचंच नाव मालक म्हणून लिहावंसं वाटतं, मीही लिहिलं होतं. पण व्हेरिफिकेशनवाले त्या कंपनीच्या एचआरला विचारतात, तिथून "या नावाची कर्मचारी आमच्याकडे नव्हती" असं खरंखुरं उत्तर येतं आणि तुम्ही खोटं लिहिल्याचा शेरा पडतो. आता माझ्या सीव्हीवर ती नोंद अशी आहे: वरच्या ओळीत पीएफमध्ये आहे तसं पेरोल कंपनीचं नाव आणि तारखा, खालच्या ओळीत "क्लायंट" असं लिहून पुढे त्यांचं नाव. करारात क्लायंटचं नाव जाहीर करायला मनाई असेल तर तिथे फक्त "बँकिंग क्षेत्रातील क्लायंट, खराडी".